लग्नपत्रिकेची पीडीएफ प्रेसला देताना: ब्लीड, क्रॉप मार्क आणि न फुटणारी देवनागरी

घरातल्या लग्नाची पत्रिका मी स्वतः डिझाइन केली, पीडीएफ केली, मोबाइलवर सगळ्यांना दाखवली, सगळ्यांना आवडली, आणि प्रेसमधून दुसऱ्या दिवशी फोन आला की "फाइल उघडली पण अक्षरं फुटतायत, आणि ब्लीड पण नाहीये, कर्व्ह करून परत पाठवा." त्यांनी प्रूफचा फोटो पाठवला त्यात "निमंत्रण" मधली वेलांटी न च्या मागे जाऊन बसली होती आणि "आशीर्वाद" मधला रफार व वरून निघून श आणि व च्या मध्ये सुटा पडला होता. माझ्या स्क्रीनवर मात्र सगळं नीट. मला तेव्हा कर्व्ह म्हणजे काय, ब्लीड किती, काहीच माहीत नव्हतं, तीन वेळा फाइल परत आली. त्यानंतर अजून चार पत्रिका केल्या, एकही परत आली नाही. त्यात जे कळलं ते क्रमाने लिहितोय.

उदाहरण एकच घेतो म्हणजे आकडे डोक्यात बसतील: घडी नसलेली, एका बाजूने छापायची, 5 बाय 7 इंची उभी पत्रिका. मिलिमीटरमध्ये 127 × 177.8. पार्श्वभूमीला फिका रंग कडेपर्यंत, मजकूर काळा.

काय काय लागेल

- स्क्रायबस 1.6 किंवा त्यापुढचं (फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं)
- युनिकोड देवनागरी फॉन्ट, एक किंवा दोन, जास्त नकोत
- पत्रिकेचा अंतिम मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, घरातल्या दोघांनी वाचून झालेला
- फुलं, नक्षी, फोटो जे काही असेल त्याची मूळ मोठी फाइल, चॅटवरून आलेली नको, कारण तिथे ती दाबून लहान होते
- पॉपलर नावाची छोटी टूल्स, शेवटी तपासायला

स्क्रायबसचं व्हर्जन मुद्दाम लिहिलंय. जुन्या 1.4 मध्ये देवनागरीची जोडाक्षरं जुळतच नाहीत, तिथे कितीही चांगला फॉन्ट घ्या, अक्षरं सुटीच दिसणार. ही सोय 1.5 च्या मालिकेत आली आणि 2024 च्या सुरुवातीला 1.6 स्थिर म्हणून आलं. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी पुढचं सगळं लागू आहे, फक्त बटणं वेगळी. वर्डमध्ये मात्र करू नका, तिथे ब्लीडची वेगळी सोय नाही आणि रंग पण आरजीबीच, म्हणजे स्क्रीनचेच राहतात.

1. आधी प्रेसला चार प्रश्न विचारा

डिझाइनला हात लावायच्या आधी. ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेच्या बाहेर वाढवलेला रंग, किती हवा, क्रॉप मार्क, म्हणजे कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या खुणा, हवेत की नकोत, पीडीएफ कुठल्या प्रकारची हवी, आणि फॉन्ट एम्बेड केलेले, म्हणजे फाइलच्या आत भरलेले, चालतील की कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरं बाह्यरेषेत बदलूनच हवेत. बहुतेक ठिकाणी ब्लीड 3 मिमी सांगतात, काही जण 5 सांगतात. क्रॉप मार्क काही प्रेसना नको असतात कारण एका मोठ्या शीटवर अनेक पत्रिका मांडताना त्यांचं सॉफ्टवेअर स्वतःच खुणा टाकतं. ही उत्तरं लिहून ठेवा, शेवटी एक्स्पोर्ट करताना हीच लागणार आहेत.

2. पान मांडा: तीन चौकटी डोळ्यासमोर ठेवा

कागद एकावर एक रचून कटरखाली जातो आणि गठ्ठ्यात पाती किंचित सरकते, अर्धा-एक मिमी इकडेतिकडे होणारच. ब्लीड असतो तो या सरकण्यासाठी. पार्श्वभूमीचा रंग जर बरोबर 127 मिमीवर संपला आणि पाती अर्धा मिमी बाहेर पडली तर कडेला पांढरी रेघ उरते, आणि गडद रंगावर ती लांबूनसुद्धा दिसते.

म्हणून पहिली चौकट कटिंगची, 127 × 177.8. तिच्या बाहेर चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीडची, म्हणजे 133 × 183.8. आणि कटिंगच्या आत निदान 5 मिमी सोडून सुरक्षित चौकट, जिच्या बाहेर एकही अक्षर जायला नको, 117 × 167.8.

स्क्रायबसमध्ये `File > New` केलं की रुंदी उंचीत कटिंगचा आकार टाकायचा, ब्लीडसकटचा नाही. ब्लीड त्याच खिडकीत वेगळ्या टॅबमध्ये आहे, तिथे चारही ठिकाणी 3 मिमी. मार्जिन 5 मिमी. इथे खूप जण पानच 133 × 183.8 करतात आणि वर परत 3 मिमी ब्लीड देतात, मग क्रॉप मार्क चुकीच्या जागी येतात आणि पत्रिका पाकिटात बसत नाही. पान म्हणजे हातात येणारा कागद, एवढं धरून चाला.

आता पार्श्वभूमीचा चौकोन पानाच्या बाहेर ब्लीडच्या रेघेपर्यंत ओढा. फोटो पार्श्वभूमीला असेल तर तो 133 × 183.8 मिमी भरायला 300 डीपीआयने साधारण 1571 × 2171 पिक्सेलचा लागतो. लहान फोटो ताणून मोठा केला तर पिक्सेलचा आकडा वाढेल पण तपशील वाढणार नाही.

किनारीच्या नक्षीबद्दल एक सांगतो, कारण पत्रिकेत किनार हौसेने असतेच. कडेला समांतर बारीक चौकट कटिंगपासून 2 मिमी आत ठेवली तर पाती 1 मिमी सरकल्यावर एका बाजूला 1 आणि समोरच्या बाजूला 3 मिमी जागा उरते, आणि पत्रिका तिरकी कापल्यासारखी दिसते. तीच चौकट 8 मिमी आत असेल तर 7 आणि 9 होतं, डोळ्याला कळत नाही. म्हणून किनार एकतर चांगली आत घ्या, नाहीतर सरळ ब्लीडपर्यंत बाहेर जाऊ द्या.

3. फॉन्ट निवडा आणि मजकूर टाका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देवनागरी फॉन्टचे दोन प्रकार फिरत असतात. जुने, कृतीदेवसारखे, ज्यात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, आणि युनिकोड. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोड असतो, तो जुन्या फॉन्टला लावला तर चौकोन येतात किंवा फॉन्ट लागतच नाही. उलट जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. दोन्ही मिसळू नका.

युनिकोडमध्ये मी दोन सुचवेन. मुख्य मजकुराला मुक्त, त्याचे सात वजनाचे प्रकार आहेत त्यामुळे ठळक-बारीक हवं ते मिळतं. जरा पारंपरिक छपाईचं वळण हवं असेल तर `Tiro Devanagari Marathi`, याचा फायदा असा की ल आणि श मराठी वळणाचे येतात, वेगळं काही करावं लागत नाही. बऱ्याच फॉन्टमध्ये डीफॉल्ट ल आणि श हिंदी वळणाचे असतात आणि मराठी वळण आत लपलेलं असतं, मजकुराची भाषा मराठी निवडली तर बाहेर येतं. भाषा निवडूनही ल बदलला नाही तर त्या फॉन्टचा नाद सोडा. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे पीडीएफमध्ये एम्बेड करायला अडचण नाही. काही विकतचे फॉन्ट एम्बेड करायला मनाई करणारे असतात आणि ते एक्स्पोर्टच्या वेळी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

मजकूर पेस्ट केला की लगेच एक चाचणी करा. बाजूला एक टेक्स्ट फ्रेम घ्या आणि त्यात हे टाका, पत्रिकेच्याच फॉन्टमध्ये, पत्रिकेच्याच आकारात:

निमंत्रण, आशीर्वाद, शुभमुहूर्त, श्रद्धा, ज्ञानेश्वर, विठ्ठल, गोऱ्हे, येणाऱ्या, आचार्य, दृष्टी, हृदय, रुपाली, रूपेश

एकेक अक्षर बोट ठेवून बघा. वेलांटी न च्या आधी आहे का, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आहे का, ठ्ठ आणि द्ध जोडलेले आहेत का की मध्ये हलन्त दिसतोय. पत्रिकेतली सगळी नावं आणि आडनावं पण याच फ्रेममध्ये टाका, कारण नावांतच अवघड जोडाक्षरं असतात.

यातलं "येणाऱ्या" खास बघा. आपल्याकडे दोन वेगळे र आहेत, "आचार्य" मध्ये रफार वर जातो आणि "येणाऱ्या" मध्ये य च्या आधी ती पापणीसारखी आडवी खूण येते. ही खूण दोन प्रकारे टाइप होते, एक म्हणजे ऱ (खाली टिंब असलेला) + हलन्त + य, आणि दुसरा म्हणजे साधा र + हलन्त + एक न दिसणारं जोडचिन्ह + य. ते न दिसणारं जोडचिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळून पडू शकतं आणि मग "येणार्या" असं उरतं, रफार वर गेलेला. माझ्या दुसऱ्या पत्रिकेत एका पाहुण्यांच्या आडनावातली पापणी अशीच उडाली होती आणि ते आम्हाला प्रूफमध्ये दिसलं म्हणून वाचलो. उपाय सोपा आहे, असे शब्द शोधून काढा आणि तिथल्या तिथे ऱ वापरून परत टाइप करा.

अजून दोन गोष्टी. ओळीतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने कमी ठेवू नका, वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत जातात, 11 पॉइंटच्या अक्षराला 16 ते 17 पॉइंट अंतर द्या. आणि अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

4. काळा म्हणजे फक्त काळा

मजकुराचा काळा रंग 0, 0, 0, 100 असा हवा, म्हणजे फक्त काळ्या शाईचा. आरजीबीमधला काळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत नेला की तो चारही शायांचा होतो, आणि चार प्लेट अगदी केसाएवढ्या सरकल्या तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते. देवनागरीत हे पटकन जाणवतं कारण शिरोरेघ सलग आडवी धावते आणि मात्रा बारीक असतात, 9 पॉइंटचा पत्ता वाचवत नाही.

स्क्रायबसमधला `Black` बरोबर आहे. पण यादीत `Registration` नावाचा रंग पण असतो, तोही स्क्रीनवर काळाच दिसतो आणि तो चारही प्लेटवर 100 टक्के उमटतो. तो क्रॉप मार्कसाठी आहे, मजकुराला कधीच लावू नका.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं करायची असतील तर मध्यम किंवा जाड वजन घ्या आणि 10 पॉइंटच्या खाली जाऊ नका, शाई कडेने आत शिरते आणि बारीक अक्षर भरून जातं. सोनेरी फॉइल करायची असेल तर ती वेगळी प्लेट असते, ती कशी हवी ते प्रेसलाच विचारा, पिवळट रंग टाकून सोनेरी होत नाही.

5. एक्स्पोर्ट

सेव्ह केलं की आधी प्रीफ्लाइट चालवा, स्क्रायबस स्वतःच सांगतो की कुठे अक्षर फॉन्टमध्ये नाही, कुठे मजकूर फ्रेमच्या बाहेर सांडतोय, कुठला फोटो कमी रिझोल्यूशनचा आहे. मग `File > Export > Save as PDF`.

- प्रकार: प्रेसने सांगितलेला. PDF/X-1a किंवा X-4 सांगितला असेल तर आधी डॉक्युमेंट सेटिंगमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करा, नाहीतर हे पर्याय निवडताच येत नाहीत. X-1a मध्ये पारदर्शकता चालत नाही, X-4 मध्ये चालते.
- फॉन्ट टॅब: सगळे एम्बेड.
- रंग: प्रिंटरसाठी, स्क्रीनसाठी नाही.
- `Pre-Press` टॅब: डॉक्युमेंटमधला ब्लीड वापरा याला टिक, आणि प्रेसला हवे असतील तर `Crop Marks`. खुणांचं अंतर ब्लीडपेक्षा कमी नको, कमी असेल तर खुणा ब्लीडच्या रंगात शिरतात.

डॉक्युमेंटमध्ये ब्लीड दिलाय म्हणून पीडीएफमध्ये आपोआप येतो असं नाही, ही टिक विसरली की गेलं. माझी पहिली फाइल यासाठीच दुसऱ्यांदा परत आली.

6. तपासा, डोळ्याने आणि कमांडने

टर्मिनल उघडायला घाबरू नका, पॉपलरच्या दोनच कमांड आहेत.

```
pdffonts patrika.pdf
```

यात प्रत्येक फॉन्टची एक ओळ येते, `emb` या रकान्याखाली सगळीकडे `yes` हवं. एक जरी `no` असेल तर प्रेसचा कॉम्प्युटर त्या जागी दुसरा फॉन्ट घालणार. नावाच्या आधी सहा इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं तर गोंधळू नका, त्याचा अर्थ फॉन्टमधली वापरलेली अक्षरंच आत घेतली आहेत, ते चांगलंच.

```
pdfinfo -box patrika.pdf
```

माझ्या उदाहरणात असं काहीसं आलं:

```
MediaBox:    0.00    0.00  433.70  577.70
BleedBox:   28.35   28.35  405.35  549.35
TrimBox:    36.85   36.85  396.85  540.85
```

हे पॉइंटमध्ये आहे, एका इंचात 72. ट्रिमची रुंदी 396.85 वजा 36.85 म्हणजे 360, भागिले 72 बरोबर 5 इंच. उंची 504, म्हणजे 7 इंच. आणि ट्रिम व ब्लीड यांच्या डावीकडच्या आकड्यांत 8.50 चा फरक, तो 3 मिमी. मीडियाबॉक्स खुणांसाठी त्याहून मोठा आहे. तुमचे बाहेरचे आकडे वेगळे येऊ शकतात, पण 360, 504 आणि 8.50 हे तीन जुळलेच पाहिजेत. तिन्ही बॉक्सचे आकडे अगदी सारखे आले तर ब्लीड फाइलमध्ये गेलेलाच नाही.

आता महत्त्वाचं. `emb` ला `yes` आलं म्हणजे अक्षरं बरोबर आहेत असं अजिबात नाही. एम्बेड म्हणजे फक्त अक्षरांचे आकार फाइलसोबत गेले. ते कुठल्या क्रमाने, कुठल्या जोडणीत मांडायचे हे एक्स्पोर्टच्या क्षणीच ठरून गेलेलं असतं, तेव्हा वेलांटी चुकली असेल तर ती चूक पण तशीच्या तशी एम्बेड होते. म्हणून पीडीएफ 400 टक्के मोठी करून डावीकडून उजवीकडे प्रत्येक ओळ वाचा. याच्या उलट, पीडीएफमधून मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केल्यावर काना-वेलांट्या विस्कटल्या तर छपाईसाठी काळजी नको. देवनागरीत हे बऱ्याचदा होतं, छपाई आकारांवर चालते, कॉपीवर नाही.

काळा रंग तपासायला स्क्रायबसच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये शाया एकेक बंद करता येतात. काळी शाई बंद केली की मजकूर पूर्ण नाहीसा व्हायला हवा, करडा-तपकिरी मजकूर उरला तर तो चार शायांचा आहे.

7. कर्व्हची दुसरी फाइल

माझी अक्षरं का फुटली होती ते नंतर कळलं. प्रेसमध्ये पीडीएफ सरळ छापली नव्हती, शीटवर मांडण्यासाठी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली होती. असं उघडलं की ते सॉफ्टवेअर मजकूर परत नव्याने जुळवायला बघतं, आणि तिथे तो फॉन्ट नसेल किंवा देवनागरीची जुळणी नीट येत नसेल तर एम्बेड असूनही अक्षरं फुटतात. यात फाइलचा दोष नाही, पण पत्रिका आपली असते.

म्हणून मी आता दोन पीडीएफ देतो. एक एम्बेड केलेली, आणि दुसरी जिच्यात सगळी अक्षरं बाह्यरेषेत बदललेली आहेत, प्रेसच्या भाषेत कर्व्ह केलेली. स्क्रायबसमध्ये फॉन्ट टॅबमध्येच सगळे आउटलाइन करा असा पर्याय आहे. या फाइलवर `pdffonts` चालवलं की यादी रिकामी येते, रिकामी आली म्हणजे काम झालं. यात अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं, त्यामुळे फुटत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. म्हणून स्क्रायबसची मूळ `.sla` फाइल जपून ठेवा.

8. पाठवणं आणि प्रूफ

फाइल ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवा. नावात आकार आणि आवृत्ती टाका, `patrika_127x177_v3_embed.pdf` आणि `patrika_127x177_v3_curves.pdf`. सोबत एक साधी जेपीजी पण द्या, "छापल्यावर असंच दिसायला हवं" असं लिहून, म्हणजे तिथला माणूस दोन्ही शेजारी ठेवून बघू शकतो.

प्रूफ कागदावर मागा, मोबाइलवरच्या फोटोवर हो म्हणू नका. प्रूफ आलं की पट्टी घेऊन क्रॉप मार्कच्या आतलं अंतर मोजा, 127 आलं पाहिजे. 123 वगैरे आलं तर "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिलाय आणि सगळंच लहान झालंय. मग चाचणीच्या फ्रेममधले जे शब्द पत्रिकेत आहेत ते प्रूफवर शोधा, वेलांटी, रफार, पापणी.

आणि प्रूफ बघताना कोणीतरी म्हणतंच की एक नाव राहिलं. तेव्हा प्रेसमध्येच घाला म्हणून सांगू नका, कर्व्हच्या फाइलमध्ये ते नाव वेगळ्याच फॉन्टमध्ये चिकटवावं लागतं आणि शेजारच्या नावांशी जुळत नाही. मूळ `.sla` उघडा, नाव टाका, ते चाचणीच्या फ्रेममध्ये पण टाका, दोन्ही पीडीएफ परत काढा, दोन्ही कमांड परत चालवा, v4 नाव द्या आणि प्रेसला v3 डिलीट करायला फोन करून सांगा, नुसता मेसेज टाकून थांबू नका.